टीबी बरा झाला, तरी थुंकीत रक्त का येते?

टीबीचे सहा महिन्यांचे औषध नेमाने घेतले, शेवटची थुंकी तपासली, डॉक्टरांनी कार्डावर ‘बरा झाला’ असे लिहिले. घरात शुक्राना अदा झाला. मग दोन-चार वर्षांनी एके दिवशी सकाळी खोकता खोकता बेसिनमध्ये लाल रक्त पडते. अशा वेळी घरातल्या सगळ्यांच्या मनात एकच विचार येतो, टीबी परत आला. पुष्कळदा गावातला डॉक्टरही तसेच धरून चालतो आणि टीबीच्या गोळ्या पुन्हा सुरू होतात. कधी कधी ते बरोबरही असते. परंतु टीबी बरा झालेल्या माणसाच्या थुंकीत वारंवार रक्त पडण्याचे आणखी एक कारण आहे. ते फारसे कोणाला ठाऊक नसते आणि टीबीच्या गोळ्यांचा त्यावर काही उपयोग होत नाही. ते कारण म्हणजे जुन्या टीबीने फुप्फुसात ठेवलेल्या पोकळीत वाढलेला बुरशीचा गोळा.

टीबीचे जंतू फुप्फुसाचा काही भाग खाऊन टाकतात, बहुधा वरचा भाग. औषधाने जंतू मरतात, पण गेलेले मांस भरून येत नाही. तिथे लिंबाएवढी, कधी मोसंबीएवढी पोकळी राहते. डॉक्टर तिला ‘कॅव्हिटी’ म्हणतात. ही जागा म्हणजे जुन्या घरातली बंद खोली समजा. हवा जेमतेम खेळते, ओल कायम, झाडलोट नाही. निरोगी फुप्फुसात आत आलेली धूळ आणि जंतू बारीक केसांसारख्या तंतूंनी सतत बाहेर ढकलले जातात. पोकळीच्या भिंतीवर ते तंतू उरलेले नसतात.

वाढवण, वरोर, चिंचणीच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांना ओल म्हणजे काय ते सांगायला नको. पावसाळ्यात सुकटीचा डबा नीट बंद राहिला नाही, भाकरी दोन दिवस फडक्यात राहिली, भाताच्या पेंढ्याखाली पाणी मुरले, की वर हिरवट-करडी भुकटी धरते. अशा बुरश्यांमध्येच एक ‘ॲस्परजिलस’ नावाचे कुटुंब आहे. १७२९ साली मिकेली नावाच्या इटालियन पाद्र्याने ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि चर्चमध्ये पवित्र पाणी शिंपडण्याच्या उपकरणावरून तिला हे नाव दिले. आपल्याकडे लग्नात गुलाबपाणी शिंपडायची गुलाबदाणी असते, तिचे डोके डोळ्यांसमोर आणा, म्हणजे त्या बुरशीचा आकार कळेल. तिचे कण हवेत सगळीकडे असतात. तुम्ही-आम्ही ते रोज श्वासातून आत घेतो आणि आपले काही बिघडत नाही. मात्र फुप्फुसात रिकामी पोकळी असेल तर ते कण तिथे रुजतात. बुरशीचे धागे, मेलेल्या पेशी आणि कफ यांचा हळूहळू एक गोळा तयार होतो. हा आजार संसर्गजन्य नाही. एकाच ताटात जेवल्याने, नातवाला मांडीवर घेतल्याने तो पसरत नाही.

असे किती जणांना होते? ब्रिटनमध्ये १९६०च्या दशकात टीबीनंतर अडीच सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी पोकळी राहिलेल्या ५४४ रुग्णांची पाहणी झाली होती. त्यांतल्या सुमारे ११ टक्क्यांच्या एक्स-रेमध्ये गोळा दिसला आणि तीन वर्षांनी हे प्रमाण १७ टक्क्यांवर गेले. टीबी झालेल्या प्रत्येकाला हे होते असे मुळीच नाही. मात्र पोकळी राहिलेल्याला सहा-सातांत एक हा आकडा लहान म्हणता येणार नाही.

आता रक्ताकडे वळू. पोकळीच्या भिंतीला सतत सूज असते, त्यामुळे तिथे नव्या, वेड्यावाकड्या, पातळ भिंतीच्या रक्तवाहिन्या वाढतात. श्वासनळ्यांना रक्त पुरवणाऱ्या या वाहिन्या थेट शरीराच्या मोठ्या धमनीतून निघतात, म्हणून त्यांच्यात दाब जास्त असतो. गोळा आत हलतो, घासतो, बुरशी स्वतःचे विषारी स्राव सोडते आणि एखादी वाहिनी फुटते. म्हणूनच हे रक्त ठिपक्या-ठिपक्याने येते, महिनोन्‌महिने काहीच नसते आणि मग अचानक अर्धी वाटी पडते. घरचे लोक म्हणतात, ‘मागच्या वेळी आपोआप थांबले होते, या वेळीही थांबेल.’ मागच्या वेळी किती आले यावरून पुढच्या वेळी किती येईल हे ठरत नाही. या आजाराची खरी धास्ती तिथेच आहे. माणूस सहसा रक्त कमी होऊन मरत नाही. रक्त श्वासनळ्यांत भरून त्याचा श्वास कोंडतो, आणि नळ्या भरायला फार रक्त लागत नाही.

हे प्रत्यक्षात कसे घडते ते समजण्यासाठी एक नमुना घेऊ. तो कोणा एका माणसाचा नाही, अशा अनेक रुग्णांचा मार्ग एकत्र करून मांडला आहे. वाढवणचे पन्नाशी ओलांडलेले एक चाचा, होडीवर कामाला जाणारे. चार वर्षांपूर्वी टीबी झाला, औषध पूर्ण केले. सोबत मधुमेह. पहिल्या पावसाळ्यात खोकल्याबरोबर चमचाभर रक्त आले. थुंकीची सीबीनॅट तपासणी केली, अहवालात टीबीच्या जंतूंचा ‘अत्यल्प अंश’ असे आले. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. दोन महिने झाले, वजन वाढले नाही, खोकला तसाच, आणि एका रात्री अर्धी वाटी रक्त.

इथे दोन गोष्टी समजून घ्यायला हव्यात. सीबीनॅट यंत्र जंतूचे बीजद्रव्य शोधते. तो जंतू जिवंत आहे की मेलेला, हे ते सांगू शकत नाही. गेल्या काही वर्षांत टीबी झालेल्या माणसाच्या फुप्फुसात मेलेल्या जंतूंचे अवशेष राहू शकतात, त्यामुळे ‘अत्यल्प अंश’ आला म्हणजे टीबी जागा झालाच असे नव्हे. निर्णय थुंकीच्या कल्चरवरून होतो, म्हणजे जंतू प्रयोगशाळेत वाढतो का ते पाहून. त्याचा अंतिम अहवाल यायला सहा आठवडे लागतात. दुसरी गोष्ट जुन्या एक्स-रेची. चाचांच्या घरी कपाटाच्या वर चार वर्षांपूर्वीची फिल्म पडून होती. ती नव्या फिल्मशेजारी ठेवली तेव्हा उजव्या फुप्फुसाच्या वरच्या बाजूला पूर्वी जिथे रिकामे कडे होते तिथे आता भरीव गोळा दिसला आणि गोळ्याच्या वरच्या काठाने हवेची बारीक कोर. रमजानच्या चांदसारखी ही कोर हीच या आजाराची एक्स-रेवरची खूण. म्हणून टीबी झालेल्या प्रत्येक घराने जुने एक्स-रे जपून ठेवावेत असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. ते रद्दीत जातात, आणि मग तुलनेला काही उरत नाही.

पुढची तपासणी सीटी स्कॅनची. एकदा पाठीवर झोपवून आणि एकदा पालथे झोपवून स्कॅन केला तर गोळा पोकळीत घरंगळून जागा बदलतो. कॅन्सरची गाठ अशी हलत नाही. पण गोळा भिंतीला चिकटलेला असेल तर तोही हलत नाही, त्यामुळे अशा वेळी कॅन्सर नाही याची वेगळी खात्री करावी लागते, विशेषतः विडी ओढणाऱ्यांत. रक्ताची एक तपासणी असते, ‘ॲस्परजिलस आयजीजी’. ही बुरशी शरीराने ओळखून तिच्याविरुद्ध किती तयारी केली आहे ते तीत कळते. थुंकीत बुरशी दिसली नाही तरी ही तपासणी सकारात्मक येऊ शकते, म्हणून केवळ थुंकीवर भिस्त ठेवू नये. स्कॅनवरील गोळा, सकारात्मक आयजीजी आणि कल्चरमध्ये टीबी नाही, या तिन्ही गोष्टी जुळल्यावर चाचांच्या डॉक्टरांनी टीबीचे औषध थांबवले. ते डॉक्टरांनीच थांबवायचे असते. हा लेख वाचून कोणी स्वतः गोळ्या बंद करू नयेत. टीबी खरोखर परतलेला असेल तर ती चूक घरातल्या सगळ्यांना महागात पडते.

इलाजाचे मार्ग चार. कोणता कोणाला योग्य, यावरच सगळे अवलंबून आहे.

पहिला मार्ग म्हणजे नुसते लक्ष ठेवणे. दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या एक्स-रेत गोळा सापडला, रक्त नाही, वजन उतरत नाही, दोन-तीन स्कॅनमध्ये काही बदल नाही, तर काहीही न करता दर तीन ते सहा महिन्यांनी तपासत राहणे हा शहाणपणाचा निर्णय असू शकतो. थोड्या रुग्णांत गोळा आपोआप विरतोसुद्धा.

दुसरा मार्ग औषधाचा. बुरशीवरचे मुख्य औषध इट्राकोनॅझोल, मोठ्या माणसाला साधारण २०० मिलीग्रॅम दिवसातून दोनदा. ते गोळा विरघळवेल अशी आशा धरू नये. गोळ्याच्या आत रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे औषध तिथे नीट पोहोचतच नाही. त्याचा उपयोग पोकळीच्या भिंतीतली बुरशी आटोक्यात आणणे, ती आजूबाजूच्या फुप्फुसात पसरू न देणे, खोकला आणि रक्त कमी करणे एवढाच आहे, आणि तो खरा आहे. चंदीगडच्या पीजीआय संस्थेत या आजाराच्या सतत वाढत जाणाऱ्या प्रकारावर झालेल्या अभ्यासात, सहा महिने इट्राकोनॅझोल घेणाऱ्यांत चारांपैकी तिघांना फायदा झाला, तर केवळ आधाराचे उपचार मिळालेल्यांत तो तिघांतल्या एकाला झाला. त्याच संस्थेने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या १६४ रुग्णांच्या दुसऱ्या अभ्यासात सहा महिन्यांनी औषध थांबवलेल्यांपैकी ३८ टक्क्यांना आजार उलटला, पण बारा महिने घेतलेल्यांत फक्त १० टक्क्यांना. म्हणून चार महिन्यांनी बरे वाटले आणि गोळ्या सोडल्या, असे करू नये.

या औषधाचे काही पथ्य आहे. कॅप्सूल भरल्या पोटीच घ्यावी, कारण पोटातले आम्ल असले तरच ती शोषली जाते. ॲसिडिटीची पँटोप्राझोल वा ओमेप्राझोल गोळी सोबत चालू असेल तर औषध निम्मेसुद्धा अंगी लागत नाही. टीबीचे रिफॅम्पिसिन तर इट्राकोनॅझोलला रक्तात टिकूच देत नाही, आणि ते बंद केल्यावरही त्याचा प्रभाव साधारण दोन आठवडे राहतो. दोन्ही एकत्र घेण्यात अर्थ नसतो. चुकून टीबीचा इलाज पुन्हा सुरू झाल्याचे हेही एक नुकसान आहे. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या आणि रक्त पातळ करणारी काही औषधे यांच्याशीही याचे जमत नाही. हृदय कमजोर असलेल्याला ते बहुधा देत नाहीत. पायावर सूज आली, धाप वाढली, डोळे पिवळे दिसू लागले तर लगेच डॉक्टरांना सांगावे. अधूनमधून यकृताची तपासणी आणि जमल्यास रक्तातल्या औषधाचे प्रमाण मोजणे गरजेचे असते. रमजानमध्ये काय करावे, असा प्रश्न आपल्या घरांत हमखास पडतो. औषध दिवसातून दोनदा आणि जेवणानंतर घ्यायचे असते, त्यामुळे सेहरी आणि इफ्तारला ते सहज बसते. फक्त सेहरी वगळून औषध घेऊ नये. पण रक्त पडत असेल, वजन उतरत असेल किंवा मधुमेह ताब्यात नसेल, तर आजारी माणसाला दीनने दिलेली सवलत घ्यावी. रोजे नंतर पूर्ण करता येतात.

रक्त थोडे असताना तात्पुरते थांबवण्यासाठी ट्रानेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या काही दिवस देतात. पायात वा फुप्फुसात रक्ताची गुठळी झालेल्याला त्या चालत नाहीत. त्याने आजार जात नाही, फक्त वेळ मिळतो.

तिसरा मार्ग रक्तवाहिनी आतून बंद करण्याचा. फ्रान्समध्ये जॅक रेमी या डॉक्टरांनी १९७०च्या दशकात ही पद्धत रूढ केली. मांडीच्या सांध्यातून बारीक नळी घालून, एक्स-रेच्या पडद्यावर रंगद्रव्य पाहत ती फुप्फुसाच्या वाहिनीपर्यंत नेतात आणि वाळूसारखे बारीक कण सोडून रक्त गळणारी वाहिनी बंद करतात. पूर्ण भूल लागत नाही, फुप्फुस कापावे लागत नाही आणि बहुतेकांचे रक्त त्याच दिवशी थांबते. नंतर दोन दिवस छातीत दुखणे, थोडा ताप, एवढे बहुधा होते. क्वचित मणक्याच्या मज्जारज्जूला रक्त देणारी वाहिनी बंद होऊन पाय लुळे पडण्याचा धोका असतो, म्हणून अनुभवी हात हवा. पण गोळा तसाच राहतो. शेजारच्या बरगड्यांतून नव्या वाहिन्या वाढतात आणि पुष्कळ रुग्णांना महिन्यांत किंवा दोन-तीन वर्षांत पुन्हा रक्त पडते. तेव्हा हे ‘आता कायमचे झाले’ म्हणून सोडून देण्याचे काम नव्हे.

चौथा मार्ग शस्त्रक्रिया. गोळ्यासकट फुप्फुसाचा तेवढा भाग काढून टाकणे हाच मुळापासूनचा इलाज. मात्र तो करायला उरलेले फुप्फुस चांगले असावे लागते. श्वासाची फुंक मारून करायची स्पायरोमेट्री तपासणी त्यासाठीच असते. टीबीने छातीच्या पडद्याला आत चिकटवलेले असते, त्यामुळे ऑपरेशनमध्ये रक्त जाते, नंतर हवा गळत राहते, पू होतो. एकच साधा गोळा आणि चांगले फुप्फुस असेल तर चांगल्या केंद्रात धोका कमी असतो. दोन्ही बाजूंना पोकळ्या, मोडकळलेले फुप्फुस असेल तर तो कितीतरी वाढतो. रक्त वाहत असताना घाईने करण्यापेक्षा आधी वाहिनी बंद करून, खाणेपिणे सुधारून, साखर ताब्यात आणून काही आठवड्यांनी केलेली शस्त्रक्रिया बरी.

तलासरीकडच्या तिशीतल्या एखाद्या बहिणीला एकच गोळा आहे, दुसरे फुप्फुस स्वच्छ आहे आणि रक्त दोनदा येऊन गेले आहे, तर माझ्या मते तिला ऑपरेशनची भीती घालून वर्षानुवर्षे गोळ्यांवर ठेवणे चुकीचे आहे. ‘बाईमाणूस आहे, छाती कापायची कशाला’ हे ऐकून अनेकींची योग्य वेळ निघून जाते. आमच्या नमुन्यातल्या चाचांचे मात्र उलट होते. डाव्या फुप्फुसातही जुने व्रण, दोन जिने चढले की धाप, स्पायरोमेट्रीचा आकडा कमी. मुंबईच्या शल्यचिकित्सकांनी स्पष्ट सांगितले, ‘ऑपरेशन तुम्हाला झेपणार नाही.’ त्यांची रक्तवाहिनी बंद केली आणि वर्षभर इट्राकोनॅझोल ठरले. अशांना कधी पोकळीतच सुई वा नळीतून ॲम्फोटेरिसिन हे औषध सोडतात. ते करणारी केंद्रे थोडी आहेत.

आता रात्रीचा प्रश्न, कारण रक्त रात्रीही पडू शकते आणि वाढवणहून मोठे रुग्णालय लांब असते. माणसाला उताणे झोपवू नका. कोणत्या बाजूचे फुप्फुस आजारी आहे हे माहीत असेल तर तीच बाजू खाली करून कुशीवर झोपवा, म्हणजे रक्त चांगल्या फुप्फुसात जाणार नाही. माहीत नसेल तर पुढे झुकवून बसवा. रक्त गिळायला सांगू नका, थुंकू द्या. खायला काही देऊ नका. घरगुती काढ्यावर, छाती चोळण्यावर वेळ घालवू नका. थुंकलेले रक्त एका भांड्यात जमा करा, अंदाज देता येतो. चमच्याने मोजण्याइतके आणि थांबलेले असेल तर सकाळी डॉक्टरांकडे जाता येईल. पण चहाच्या कपाच्या निम्म्याहून अधिक असेल, पुन्हा पुन्हा येत असेल किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल, तर थांबू नका, १०८ला फोन करा. तोवर कोणती बाजू खाली ठेवायची हे घरातल्या प्रत्येकाला पाठ असावे.

डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयात प्राणवायू, सलाईन, रक्त थांबवण्याचे औषध मिळू शकते. वाहिनी बंद करण्यासाठी मात्र मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात, किंवा तलासरीकडून जवळ पडते म्हणून वापी-वलसाडकडे जावे लागते. निघण्यापूर्वीच त्या ठिकाणी ‘रक्तवाहिनी बंद करण्याची सोय आहे का आणि आज आहे का’ असे फोनवर विचारावे. नाहीतर एका दवाखान्यातून दुसऱ्यात पाठवण्यातच रात्र निघते. पाठवणाऱ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीत ‘जुना टीबी, पोकळीत बुरशीचा गोळा, अमुक बाजू’ एवढे तीन शब्दसमूह लिहून घ्या. नोंदणी असलेल्या रुग्णालयात महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा आरोग्यमित्र बसतो. शिधापत्रिका आणि आधारकार्ड घेऊन त्याला हा उपचार योजनेत बसतो का ते पहिल्याच दिवशी विचारावे.

चाचांना दुसऱ्या पावसाळ्यात पुन्हा चार चमचे रक्त आले. स्कॅनमध्ये बरगडीकडून आलेली एक नवी वाहिनी सापडली, ती बंद केली. इट्राकोनॅझोल अजून चालू आहे, दर तीन महिन्यांनी एक्स-रे आणि यकृताची तपासणी होते, आणि औषध बंद केल्यावरही पहिल्या दोन वर्षांत सहा-सहा महिन्यांनी यायला सांगितले आहे, कारण आजार उलटला तर तो बहुधा याच काळात उलटतो.